ट्रेनीला पत्र: कंडेन्सरचं प्रेशर इतकं खाली का ठेवतात?

जुना_एफिशियन्सीवाला

एका औष्णिक केंद्रात नुकताच लागलेला ट्रेनी इंजिनिअर मला अधूनमधून प्रश्न पाठवतो. परवा त्याने विचारलं, "सर, बॉयलरचं प्रेशर 150 किलोचं 149 झालं तर डेस्कवर कुणी मान वर करत नाही. पण कंडेन्सरमध्ये पाऱ्याचं 10 मिलिमीटर इकडचं तिकडे झालं की शिफ्ट इंचार्ज लगेच फोन फिरवायला लागतात. असं का?" उत्तर लिहिता लिहिता लांबलं. त्याला विचारून, नाव-गाव काढून इथे टाकतोय. तोही या धाग्यावर आहे.

चि. _____ यास,

तुझा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. 1 किलो प्रेशर वरच्या टोकाला गेलं काय आणि खालच्या टोकाला गेलं काय, सारखंच, असं आपल्याला वाटतं. टर्बाइनला तसं वाटत नाही.

रिहीटरमधून 35 बार आणि 540 अंशांवर निघालेली एक किलो वाफ घे. ती 35 वरून 34 बारवर उतरताना जेमतेम 10 किलोज्यूल काम देऊ शकते. तीच वाफ पुढे 1 बारपर्यंत उतरली, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाला आली, तोवर तिने साधारण 900 किलोज्यूल दिलेले असतात. इथे थांबून तिला धुराड्यातून सोडून देता येईल, जुन्या रेल्वे इंजिनांत तेच व्हायचं. पण तिला आणखी खाली, 0.1 बारपर्यंत उतरू दिलं तर ती अजून जवळपास 340 किलोज्यूल देते. वरचा एक बार दहा किलोज्यूलचा आणि तळाचा पाऊण-एक बार तीनशे चाळीसचा. हे आकडे आदर्श टर्बाइनचे आहेत, वाफेचा तक्ता घेऊन तूही काढून बघ. खऱ्या मशीनमध्ये दोन्ही कमी भरतील, पण त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं.

असं का होतं? कारण दाब थोडासा उतरला की किती काम मिळेल हे त्या वेळी वाफेने किती जागा व्यापली आहे यावर ठरतं. 35 बारला एक किलो वाफ शंभर लिटरमध्ये मावते. 0.1 बारला तिला 13 घनमीटर लागतात, म्हणजे आपल्याकडची एखादी लहान खोली भरून जाईल. म्हणून तर एलपी, म्हणजे कमी दाबाच्या, टर्बाइनची शेवटची पाती एवढी लांब असतात आणि एक्झॉस्टचं तोंड एवढं मोठं. तुझ्या 210 मेगावॉटच्या युनिटवर फुल लोडला सेकंदाला साधारण 120 किलो वाफ कंडेन्सरमध्ये उतरते. आकारमानाने ती सेकंदाला दीड हजार घनमीटर झाली. त्या टोकाला 10 मिलिमीटरचा फरक म्हणजे काय, ते आता तुझ्या लक्षात येईल.

आता दुसरी गोष्ट, जी ट्रेनीच काय, जुने लोकही चुकीची सांगतात. कंडेन्सरमधली ही पोकळी व्हॅक्यूम पंप तयार करत नाही. युनिट सुरू करताना आतली हवा काढून टाकण्याचं काम तो करतो, ते खरं. पण युनिट लोडवर आलं की पोकळी टिकवतं ते थंड पाणी. 13 घनमीटरची वाफ नळ्यांवर आदळून एक लिटर पाणी होते, आणि तिने सोडलेल्या जागेत पुढची वाफ येते. पंप फक्त गळतीतून शिरलेली हवा बाहेर काढत राहतो.

आणि वाफ जिथे पाणी होते तिथला दाब ठरतो तो तिथल्या तापमानावरून. 45 अंशाला 72 मिलिमीटर, 51 अंशाला 97. म्हणून माझं म्हणणं असं की बॅक प्रेशरचा, म्हणजे कंडेन्सरमधल्या दाबाचा, आकडा दाब म्हणून वाचू नकोस. तो आधी तापमानात बदल आणि मग वाच. असा:

सीडब्ल्यूचं, म्हणजे नळ्यांतून फिरणारं थंड पाणी 32 अंशांनी आत आलं. वाफेची उष्णता घेऊन 9 अंशांनी तापलं, 41 ला बाहेर पडलं. उष्णता वाहायला नळीच्या दोन्ही बाजूंत थोडा फरक लागतोच, तो 4 अंश धर. म्हणजे वाफ 45 अंशांना पाणी होणार, म्हणजे 72 मिलिमीटर. याखाली जायचं तर 32, 9 आणि 4 या तीन आकड्यांपैकी एक खाली आणावा लागेल. दुसरा रस्ता नाही.

तुझ्या युनिटवर आत्ता 97 मिलिमीटर दाखवतंय, असं तू लिहिलंस. म्हणजे वाफ 51 अंशांवर आहे. पाणी आत 32, बाहेर 41. पहिले दोन आकडे जागच्या जागी आहेत. पाणी तितकंच तापतंय याचा अर्थ प्रवाह पुरेसा आहे. ट्यूबशीटवर प्लॅस्टिक-पाला अडकला असता किंवा पंप कमी पडला असता तर 9 चे 12-13 झाले असते. कूलिंग टॉवर बिघडला असता तर 32 चे 35 दिसले असते. बिघडलाय तो तिसरा आकडा, 4 चा 10 झालाय. उष्णता नळीतून नीट जात नाहीये.

त्याची कारणं मुख्यतः दोन: नळ्या आतून घाण झाल्यात, म्हणजे क्षाराचा थर किंवा शेवाळ, नाहीतर बाहेरच्या बाजूला हवा साचली आहे. हवा वाफेबरोबर नळीपर्यंत येते, पण तिचं पाणी होत नाही, ती तिथेच गोळा होते आणि मागून येणाऱ्या वाफेला तिच्यातून वाट काढावी लागते. या दोहोंतला फरक हॉटवेल सांगतं, म्हणजे कंडेन्सरच्या तळाशी वाफेचं पाणी जमतं ती जागा. नळ्या नुसत्या घाण असतील तर हॉटवेलचं पाणी वाफेच्याच तापमानाजवळ असतं. हवा असेल तर तळाच्या भागात वाफेचा स्वतःचा दाब कमी पडतो, ती कमी तापमानाला पाणी होते आणि हॉटवेल पाच-सहा अंशांनी थंड दिसतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही वाढतो. मग उभा असलेला दुसरा व्हॅक्यूम पंप लावून बघायचा. हवा असेल तर आकडा उतरतो, नळ्या घाण असतील तर ढिम्म हलत नाही.

72 चे 97 झाल्याने जातं किती? ढोबळ हिशेबाने दीड-दोन टक्के. 210 मेगावॉटच्या युनिटला दिवसाला साडेतीन हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो, त्यातला पन्नास ते सत्तर टन. तेवढीच वीज, तेवढा जास्त कोळसा. इंचार्ज साहेब फोन का फिरवतात ते यावरून समज.

हॉटवेलचं तापमान घेऊन कळव.

तुझा,
_____ काका

---

गोदाकाठ

पत्र आवडलं. पण एक सांगू का, आमच्याकडे वर्षानुवर्षं व्हॅक्यूम गेज 640 च्या आसपास असतं आणि डहाणूच्या बाजूला काम केलेला माझा मित्र सांगतो की त्यांच्याकडे 690. तो नेहमी टोमणे मारतो. म्हणजे समुद्राचं पाणी असलं की कंडेन्सर भारीच चालतो ना?

---

जुना_एफिशियन्सीवाला

@गोदाकाठ, टोमणे परत करा. गेज दाखवतं ते बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटरवर, तिथे बॅरोमीटर 710 च्या आसपास. 710 उणे 640, म्हणजे 70 मिलिमीटर. डहाणूला बॅरोमीटर 758 धरा, उणे 690, म्हणजे 68. दोघं एकाच पायरीवर. वाफेला बाहेर किती हवा आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, तिला फक्त आतला निरपेक्ष दाब कळतो. म्हणून मी पत्रात सगळीकडे तोच लिहिला.

समुद्राच्या पाण्याचा फायदा आहेच, पण तो उन्हाळ्यात दिसतो. कूलिंग टॉवरचं पाणी हवेच्या वेट बल्बच्या खाली जाऊ शकत नाही, आणि आमच्या टॉवरला तर त्याच्या चार-पाच अंश वरच थांबावं लागतं.

---

साखरपट्टा

मी साखर कारखान्यात टर्बाइनवर आहे. हे सगळं वाचून हसू येतंय, राग नका मानू. आमच्या बॅक प्रेशर टर्बाइनमधून वाफ दीड किलोला बाहेर पडते आणि सरळ इव्हॅपोरेटर-पॅनला जाते. एक कण वाया नाही. तुम्ही निम्म्याहून जास्त उष्णता टॉवरमधून आभाळात सोडता आणि वर म्हणता दहा मिलिमीटरने कोळसा वाचला. वाफ कंडेन्सरला न देता आमच्यासारखी का वापरत नाही?

---

पॉवरहाऊस_ताई

साखरपट्टा दादा, तुमच्या दाराशी रस आटवायचाय म्हणून तुम्हाला 110-120 अंशांची उष्णता हवी आहे. आमच्याकडे तशी मागणीच नसते. 41 अंशांचं पाणी आंघोळीला बरं, पण सेकंदाला साडेसात हजार लिटर आंघोळीचं पाणी कोण घेणार? गिऱ्हाईक असेल तर तुमची पद्धत चांगली, यात वाद नाही. पण मग टर्बाइनमधून एका किलो वाफेमागे वीजही बरीच कमी निघते, ती वीज तुम्हाला फारशी नको असते म्हणून चालतं. तुमच्याच भागात कोजन लागलेत त्यातल्या बऱ्याच मशीनला एक्स्ट्रॅक्शन आणि कंडेन्सर दोन्ही असतात. गाळप हंगाम संपल्यावर प्रोसेसला वाफ नको असते, तेव्हा वीज विकायची तर कंडेन्सरच लागतो.

---

साखरपट्टा

ते खरं. आमच्या शेजारच्या कारखान्याला आहे तसलं मशीन. पण मग वाफेचं पाणी करायचंच कशाला? तशीच दाबून परत बॉयलरमध्ये घाला की. उष्णता वाचेल.

---

पॉवरहाऊस_ताई

पाणी करतो म्हणूनच परवडतं. एक किलो पाणी दीडशे-पावणेदोनशे बारपर्यंत चढवायला पंपाला वीसेक किलोज्यूल लागतात, कारण ते जागाच घेत नाही. तीच 13 घनमीटरची वाफ दाबायला बसलात तर टर्बाइनने जे कमावलं ते सगळं कॉम्प्रेसर खाईल, वर नुकसान वेगळं. पत्रातला मुद्दाच आहे हा, उलट्या बाजूने.

---

एसीवाला_पुणे

थोडं गोंधळलोय. आमच्या धंद्यात कंडेन्सरचं प्रेशर कायम जास्त असतं, हेड प्रेशर म्हणतो आम्ही. गॅस कमी असला की ते पडतं आणि गिऱ्हाईक तक्रार करतं. तुमचा कंडेन्सर उलटा का?

---

जुना_एफिशियन्सीवाला

तुमचा कंडेन्सर कॉम्प्रेसरच्या पुढे असतो, आमचा टर्बाइनच्या मागे. पण नियम तोच. तुमच्याकडेही कॉइल धुतली की हेड प्रेशर उतरतं आणि मोटरचे अँपिअर कमी होतात, बरोबर? गॅस गळून पडणारं प्रेशर वेगळं. आणि सिस्टीममध्ये हवा राहिली तर तुमचंही हेड वाढतं. आमचा 97 चा आजार तुमच्या ओळखीचाच आहे.

---

रात्रपाळी_77

पत्रातलं एक पटलं नाही. "पोकळी पंप तयार करत नाही" हे पुस्तकात ठीक. आमच्याकडे व्हॅक्यूम पंप ट्रिप झाला की अर्ध्या तासात व्हॅक्यूम घसरायला लागतं. दोन पंप लावले की सुधारतं. मग पोकळी कोण करतो? मी तर म्हणतो नेहमीच दोन्ही चालवावेत, जितकं खेचाल तितकं चांगलं.

---

पॉवरहाऊस_ताई

अर्ध्या तासात घसरतं हेच उत्तर आहे. सेकंदाला 120 किलो वाफ येतेय. पंप ती खेचत असता तर तो बंद पडल्यावर काही सेकंदांत युनिट ट्रिप झालं असतं. सीडब्ल्यू पंप दोन्ही गेल्यावर काय होतं ते आठवा. अर्धा तास लागतो तो हवा हळूहळू साठायला. आणि दुसरा पंप लावल्यावर तुमच्याकडे जर खरंच फरक पडत असेल तर तुमच्याकडे गळती आहे. घट्ट युनिटवर दुसरा पंप लावून काट्याला काही होत नाही, फक्त घरची वीज जाते.

---

रात्रपाळी_77

गळती असेल, नाकारत नाही. पण ओव्हरहॉलला अजून वेळ आहे, तोवर दोन पंप चालवणं वाईट नाही. पंपाची वीज विरुद्ध कोळसा हा हिशेब आधी मांडा.

---

जुना_एफिशियन्सीवाला

तोवर चालवायला माझी हरकत नाही. शोधायचं थांबवू नका एवढंच. बहुतेक वेळा हवा शिरते ती एलपी ग्लँडमधून, सील स्टीमचं प्रेशर कमी ठेवलेलं असतं. ते थोडं वाढवून बघा, फुकटचं काम आहे. नंतर एलपी हीटरच्या व्हेंटचे व्हॉल्व्ह, हॉटवेलचं पाणी उचलणाऱ्या सीईपी पंपाचे ग्लँड, एलपी टर्बाइनच्या डोक्यावरचे डायफ्राम. हेलियम टेस्ट मिळाली तर उत्तमच.

"जितकं खेचाल तितकं चांगलं" हे मात्र नाही. थंडीच्या पहाटे विदर्भात टॉवरचं पाणी 20 च्या खाली येतं, बॅक प्रेशर 40 मिलिमीटरच्या आसपास उतरतं. तेव्हा वाफ शेवटच्या पात्यांतून ध्वनीच्या वेगाने बाहेर पडायला लागते. त्यापुढे दाब कितीही उतरवा, पात्यांना जास्त काम मिळत नाही, वाफ नुसती वेगाने निघून जाते. हॉटवेल मात्र आणखी थंड होतं, ते पाणी पुन्हा तापवायला एलपी हीटर टर्बाइनमधून जास्त वाफ ओढतात. शिवाय ओलावा वाढतो, थेंब शेवटच्या पात्यांच्या कडा खातात. तिथे उलट एक सीडब्ल्यू पंप बंद करणं फायद्याचं ठरू शकतं, या आकाराच्या युनिटचा एकेक पंप मेगावॉटच्या घरात वीज खातो.

---

कोराडी_रिटर्न

सीडब्ल्यू पंप बंद करण्याला माझा विरोध. कागदावर एक मेगावॉट वाचतो, पण एकाच पंपावर युनिट असताना तो ट्रिप झाला तर व्हॅक्यूम लो होऊन युनिट बसणार. ते परत उभं करायला जे तेल जळतं त्यात महिन्याची बचत जाते. शिवाय पाण्याचा वेग कमी झाला की नळ्यांत गाळ बसतो, म्हणजे पुन्हा तोच तिसरा आकडा वाढणार.

---

जुना_एफिशियन्सीवाला

गाळाचा मुद्दा मान्य. ट्रिपची भीती ही दुसरा पंप ऑटो स्टँडबायला किती भरवशाचा आहे यावर आहे. ज्यांची जशी मशीन तसा निर्णय. मी केल्यावर फायदा दिसला होता, पण ते एका ठिकाणचं, एका थंडीतलं.

---

नवीन_ट्रेनी

काका, मीच तो. काल रात्री आकडे घेतले.

बॅक प्रेशर 97. आधी एक्झॉस्ट हूडचं तापमान पाहिलं, 51 च आहे, म्हणजे गेज खरं बोलतंय. हॉटवेल 48. तुम्ही सांगितलं तसं पाच-सहा नाही, तीनच अंशांनी थंड. मग दुसरा व्हॅक्यूम पंप लावायला परवानगी मिळाली. वीस मिनिटांत 97 चे 88 झाले आणि तिथेच थांबले. सीडब्ल्यू 32 आणि 41, काही बदल नाही.

तक्त्यावरून 88 म्हणजे 49 अंश. म्हणजे तिसरा आकडा 10 वरून 8 झाला, 4 नाही. आता हे हवेचं म्हणायचं की घाणीचं?

---

पॉवरहाऊस_ताई

हूडचं तापमान आधी बघितलंस, शाब्बास. बरेच जण गेजवर विश्वास ठेवून नळ्या उघडतात.

दोन्ही आहेत असं दिसतं. दोन अंश हवेचे, उरलेल्या चारात घाणीचा वाटा मोठा.

---

रात्रपाळी_77

कशावरून? गळती इतकी मोठी असेल की दोन पंपांनाही पुरी पडत नसेल. मग उरलेले चार पण हवेचेच.

---

जुना_एफिशियन्सीवाला

रात्रपाळी यांची शंका रास्त आहे, आत्ताच्या आकड्यांवरून मी छातीठोक सांगणार नाही. दोन गोष्टी कर. दोन पंप चालू असताना हॉटवेल पुन्हा बघ. 49 च्या अर्ध्या-एक अंशात आलं असेल तर हवा बऱ्यापैकी निघाली आणि उरलंय ते घाण. अजूनही तीन अंशांनी खाली असेल तर रात्रपाळी बरोबर.

दुसरं, लोड उतरतो तेव्हा बघ. घाण असेल तर लोड निम्मा झाल्यावर तो तिसरा आकडाही साधारण निम्मा होतो, कारण नळीतून जायची उष्णताच निम्मी झाली. हवेचं तसं नाही. लोड उतरला की एलपी हीटर आणि त्यांच्या पाइपांचा आणखी भाग पोकळीखाली येतो, जिथे आधी गळती बाहेर जायची तिथून आता हवा आत येते. आकडा हट्टाने तिथेच राहतो किंवा वाढतो.

---

नवीन_ट्रेनी

हॉटवेल दोन पंपांवर 48 च राहिलं, म्हणजे एका अंशाने खाली. पण ते थर्मामीटर अंशाच्या खालचं दाखवत नाही. लोडचं आज जमणार नाही, शेड्यूल फुल लोडचं आहे. शनिवारी रात्री बॅकिंग डाउन, म्हणजे लोड उतरवायला, मिळेल असं इंचार्ज साहेब म्हणाले. तोवर सील स्टीम थोडं वाढवून बघतोय.

---

गोदाकाठ

शनिवारी बॅरोमीटरचाही आकडा लिहून ठेव रे. ढग आले की तो चार-पाच मिलिमीटर हलतो. तुमचं गेज निरपेक्ष दाबाचं नसेल तर तेवढ्यावरून उगाच भांडण होईल.